आई-बाबा, दुकान आता आठला बंद

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोललो असतो पण फोनवर आई मधेच रडायला लागते आणि बाबा "बरं बरं" म्हणून फोन ठेवतात, म्हणून लिहितोय. मला शुगर निघालीय. उपाशीपोटी १५४ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ७.८. गोळी सुरू झालीय, मेटफॉर्मिन ५००, दोन वेळा जेवणावर. आजोबांसारखं काही होणार नाही, आई, आधीच सांगतो. त्यांचं कळेपर्यंत पायाची जखम किती पुढे गेली होती ते तुलाच जास्त माहीत. माझं वेळेत कळलंय, डॉक्टरांनी पाय, डोळे, लघवी सगळं तपासायला लावलं, सगळं ठीक आहे. जेवण अगदी नीट चालू आहे, हुमण-भात बंद नाही, फक्त भात थोडा कमी, तुमची सून ताटात वाढतानाच कमी वाढते आणि मी बघितलं की दुसरीकडे बघते.

आता दुसरी गोष्ट, बाबा, जी तुम्हाला जास्त लागेल. दुकान आता रात्री आठला बंद करतो. साडेनऊपर्यंत उघडं ठेवायचं, शेवटच्या बसच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा तुमचा नियम मला पाठ आहे आणि मी तो मोडला म्हणून मलाही बरं वाटत नाहीये. पण का मोडला ते ऐका, कारण हे कुणी सांगितलं म्हणून नाही, मी स्वतः मोजून बघितलं म्हणून ठरवलंय.

डॉक्टर म्हणाले संध्याकाळी काय खाता? म्हटलं, साडेपाचला समोरच्या गाड्यावरून भाजी-पाव नाहीतर मिरची भजी, वर चहा. ते म्हणाले बंद करा असं मी लगेच म्हणत नाही, खायच्या आधी एकदा मोजा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा मोजा. दोन तासांनी १८० च्या खाली असली तर बरं. मग काय, गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये मशीन आणि उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर माझा हिशेब. तुम्ही हसाल, पण साडेसातला मोबाईलचा गजर वाजला की आता गिऱ्हाइकंच सांगतात, शेट बोट टोचा.

सुरुवातीलाच एकदा खायच्या आधीच २८७ आले आणि घाम फुटला. मग लक्षात आलं, पाच मिनिटांपूर्वी गूळ फोडून दिला होता. साबणाने हात धुतले, नीट पुसले, परत टोचलं तर १४९! बोटाला लागलेला गूळ रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मशीन बिचारं तोही मोजतं. स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, पाणी आणि साबणच पाहिजे. आपल्या किराणा दुकानात साखर, गूळ, खजूर सगळ्याला हात लागतो, म्हणून आता मागे बालदी ठेवलीय. आणि पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावतो, पावसात आपल्याकडे मीठसुद्धा ओलं होतं तर पट्ट्यांचं काय.

आधी मी फक्त नंतरचा आकडा बघायचो. मिरची भजीच्या दिवशी २०४ आले, लाल पेनने फुली मारली, भजी बाद. भाजी-पावाला २३६, तोही बाद. बाबा, तुम्ही कागदात बांधून भजी आणायचे आणि वरचं बेसन मला देऊन आतली तिखट मिरची स्वतः खायचे ना, ती फुली मारताना खरंच जिवावर आलं. पण नंतर वही नीट बघितली. भजीच्या दिवशी खायच्या आधीच १७८ होते, म्हणजे वाढ फक्त २६. भाजी-पावाच्या दिवशी आधी १४२ होते, म्हणजे वाढ ९४! मग १७८ कशामुळे? त्या दिवशी होलसेलचा टेम्पो उशिरा आला, मी तीनला जेवलो आणि साडेपाचला मोजलं, तेव्हा तो भात अजून अंगात होता. दोष दुपारच्या भाताचा आणि शिक्षा भज्यांना. अर्थात भजी निर्दोष असं मी म्हणत नाही, तळलेल्या तेलाने पोट हळू रिकामं होतं आणि साखर कधी कधी दोन तासांनंतर चढते, म्हणून भजी खाल्ली की रात्री जेवायच्या आधीही एकदा मोजतो.

खरी गंमत पुढे. तेच भाजी-पाव, दोन पाव, तोच साखरेचा चहा, आणि एका दिवशी १३९ वरून फक्त १८१. मला वाटलं मशीन चुकलं. मशीनही थोडं इकडेतिकडे दाखवतं, खरी २०० असेल तर १७० ते २३० मधलं काहीही येऊ शकतं, म्हणून दहा-वीसच्या फरकाकडे मी लक्ष देत नाही, पण हा फरक त्यापेक्षा मोठा होता. आठवलं, त्या दिवशी दुकानातला पोरगा रजेवर होता आणि खाऊन झाल्यावर वरच्या वाड्यावर तांदळाची पिशवी मीच चढावरून पोचवून आलो होतो. मग मुद्दाम परत करून बघितलं, खाणं तेच आणि एक दिवस गल्ल्यावर बसून, एक दिवस चालून. चालल्यावर वाढ कमीच! चालताना पायाचे स्नायू साखर ओढून घेतात म्हणे. पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो, आधी चहातली साखर काढली, मग एक पाव कमी करून चण्याची भाजी जास्त घेतली. आता बसून असलो तरी १३६ वरून १६८ येतात. आणि मिश्र पिठाची पोळी शुगरला चालते असं सगळे सांगतात, पण मी दोन खाल्ल्या तर पावाएवढीच वाढ दिसली, म्हणून तीही एकच.

आता दुकानाचं. वहीत एक गोष्ट सारखी दिसत होती, ज्या दिवशी दोन-दोन प्लेटा झाल्या ते सगळे दिवस रात्री साडेदहाला जेवायचे होते. दुपारी दीडला जेवण आणि पुढचं साडेदहाला, मधे माणूस भुकेने गाड्याकडे जाणारच. साडेआठला जेवण ठरल्यावर अर्धी प्लेट पुरते. शेवटच्या बसची तीन-चारच घरं आहेत, त्यांना सांगून ठेवलंय, आधी फोन करा, सामान बाजूच्या मेडिकलवाल्याकडे ठेवतो. तुमचं नाव खाली जाणार नाही बाबा, शपथ.

आणि आता माझं ऐका. बाबा, तुम्हीपण सोमवारी उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त द्यायचं, माझ्या मशीनवर नाही, मशीन घरी लक्ष ठेवायला असतं, शुगर आहे की नाही ते लॅबच ठरवते. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवायचं, मुद्दाम कमी खायचं नाही, तुमची सवय मला माहीत आहे. सकाळी पाणी चालेल, चहा नाही. आई, कुणा पाहुणीने सांगितलेला मेथी-कारल्याचा रस गोळीऐवजी घ्यायला सांगू नकोस, गोळी मी स्वतःहून कमी करणार नाही. चवथीला नेवऱ्या कर, माझ्यासाठी दोन ठेव, जास्त नको, जेवणाबरोबरच खाईन आणि आधी-नंतर मोजीन. रागावू नकोस, डबा भरून मात्र पाठवू नकोस, तो पोरगा संपवेल.

तुमचा,
बाबू