सूचना : केळी नोंदणीच्या ॲपमध्ये गूगल खात्याने लॉगिन करण्याबाबत

रावेर परिसरातील आपल्या गटाच्या सर्व सभासदांनी येत्या रविवारी सकाळी १० वाजता ग्रामपंचायत सभागृहात मोबाइल घेऊन यावे. तेथे नव्या ॲपमध्ये प्रत्येकाचे लॉगिन करून घेतले जाईल.

‘गूगलने साइन इन करा’ हे बटण दाबल्यावर बहुधा फक्त खाते निवडावे लागते. पासवर्ड मागितलाच, तर वरच्या पट्टीत `accounts.google.com` हाच पत्ता आहे, याची अक्षरे वाचून खात्री करावी. ॲपच्याच चौकटीत पासवर्ड मागितल्यास तो टाकू नये.

ॲपला आपले नाव, ईमेल पत्ता व फोटो मिळतो. पासवर्ड त्याला कधीच दिसत नाही आणि आपण वेगळी परवानगी दिल्याशिवाय ईमेलमधील मजकूर किंवा गूगलवरील संपर्क यादीही दिसत नाही. म्हणून संमतीच्या पानावर ‘संपर्क पाहणे व डाउनलोड करणे’ अशी ओळ आल्यास तेथेच थांबून आम्हाला दाखवावे. केळीच्या नोंदणीला व्यापाऱ्यांचे नंबर लागत नाहीत.

दिलेली परवानगी `myaccount.google.com/connections` येथून काढता येते, मात्र ॲपकडे आधी गेलेली माहिती त्यामुळे पुसली जात नाही. ती पुसण्याची मागणी ॲपवाल्यांकडेच करावी लागते.

— सचिव