बदलीच्या अर्जाबद्दल

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मोल्डिंगमधून क्वालिटीत बदली मागणारा तुझा अर्ज वाचला. 'मी मेहनती आहे, शिकायची तयारी आहे' यातच अर्धं पान गेलंय. अरे, शिरोलीत फाउंड्रीची क्वालिटी सांभाळताना माझ्याकडेही असे अर्ज यायचे. बाहेरच्या उमेदवाराला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, तुला नाही. क्वालिटीच्या साहेबांच्या टेबलावर रिजेक्शन रिपोर्ट रोजच असतो. तू लिहिलेला आकडा ते लगेच ताडून बघणार.

म्हणून 'रिजेक्शन निम्म्यावर आणलं' हे वाक्य आधी काढ. कुठलं कास्टिंग, कुठला दोष, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, आणि त्यात तुझं काय? फोनवर ब्रॅकेटचं सांगितलंस, तेच लिही. सँड इन्क्लुजनचे तुकडे बहुतेक जेवणाच्या सुट्टीनंतरच्या साच्यांतले आहेत, हे तू शिफ्टच्या नोंदींवरून हेरलंस. लाइन थांबली की हॉपरमधली गरम वाळू वाळते, कॉम्पॅक्टिबिलिटी उतरते, साच्याच्या कडा ठिसूळ होतात आणि ओतताना सुटलेली वाळू धातूत अडकते. ती वाळू परत मिक्सरला पाठवायची आणि टेस्ट घेऊनच लाइन सुरू करायची, ही पद्धत तू लावलीस. मग असं लिही:

"ब्रॅकेट कास्टिंगचं सँड इन्क्लुजनमुळे होणारं रिजेक्शन एप्रिलमध्ये ४ टक्के होतं, जुलैमध्ये २ टक्के झालं. सुट्टीनंतर हॉपरमधली वाळू न वापरण्याची पद्धत मी सुचवली. चाचण्या सँड लॅबने केल्या."

जुलैवरच थांब. ऑगस्टमध्ये पॅटर्न दुरुस्त झाला, त्यामुळे पुढची घट कशामुळे झाली हे सांगता येणार नाही. लॅबचं नाव घेतल्याने तुझं श्रेय कमी होत नाही, उलट चौकशी झाली तर लॅबवालेच तुझ्या बाजूने बोलतील.

तयारीचं वेगळं पुराण नको. क्वालिटीत गिऱ्हाइकाची तक्रार आली की मूळ कारण शोधून ८डी रिपोर्ट लिहावा लागतो. हॉपरचं काम त्याच जातीचं आहे, ते एका वाक्यात जोड. ड्रॉइंग वाचता येतं, व्हर्नियर-गेज रोज हाताळतोस, हे लिही. सीएमएम चालवलेलं नाही, तेही लिही आणि ट्रेनिंग माग. पहिल्याच आठवड्यात उघडं पडेल ते आधीच सांगितलेलं बरं.

शेवटी तुझी जागा कोण घेणार ते हवंच. तुमच्या साहेबांना खरी काळजी त्याचीच असते. दुसऱ्या शिफ्टच्या कोणाला वाळूच्या नोंदी शिकवल्यास आणि किती दिवसांत काम सोपवशील, एवढं पुरे. अर्ज त्यांच्यामार्फतच जाऊ दे. पाठवण्याआधी त्यांना प्रत्यक्ष भेटून सांग, एचआरकडून कळलं तर सही अडेल.

सगळं एका पानात बसव आणि सुधारलेला मला पाठव.

तुझे बाबा
कोल्हापूर