सहीच्या आधी तीन कलमं

चि. सानिका,

अनेक आशीर्वाद.

ऑफर लेटरची पीडीएफ मिळाली. तू फोनवर म्हणालीस, ‘आई, पगाराचा आकडा बघ आणि सांग.’ आकडा चांगलाच आहे. पण पगार विभागात इतकी वर्षं काढल्यावर माझी नजर आधी तिसऱ्या पानावर जाते. प्रोबेशन, नोटीस पिरियड आणि व्हेरिएबल पे ही तीन कलमं तिथे एकाखाली एक आहेत. सुटी सुटी वाचली तर त्यात वावगं काही दिसत नाही. ती एकमेकांत कशी अडकली आहेत ते दिसलं, तेव्हा मी कागद-पेन घेऊन बसले.

प्रोबेशनपासून सुरुवात करते. तुझ्या पत्रात लिहिलंय की प्रोबेशन रुजू झाल्यापासून सहा महिन्यांचं, ‘कंपनीच्या निर्णयानुसार ते वाढवता येईल, आणि कंपनीने लेखी कळवल्याशिवाय कर्मचारी कन्फर्म झाला असे समजले जाणार नाही.’ सहा महिन्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. अडचण पुढच्या अर्ध्या वाक्यात आहे. वाढवता येईल, पण किती वेळा आणि कुठपर्यंत, हे लिहिलेलं नाही. आणि कोणी काहीच कळवलं नाही तर? तर तू प्रोबेशनवरच राहतेस. कोणाच्या मनात खोट असायलाच हवी असंही नाही. मॅनेजर बदलतो, एचआरमधली व्यक्ती सोडून जाते, कन्फर्मेशनचा फॉर्म कोणाच्या तरी मेलबॉक्समध्ये पडून राहतो. वर्ष उलटून गेलं तरी कागदोपत्री प्रोबेशनवरच असलेले लोक मी पगारपत्रकात पाहिले आहेत. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसायचा.

आता कोणी म्हणेल, काम चालू आहे, पगार येतोय, मग कन्फर्मेशनच्या पत्राने काय फरक पडतो? तुझ्या पत्रात पडतो, कारण पुढची दोन्ही कलमं त्याच्यावर उभी आहेत.

नोटीसचं कलम बघ. प्रोबेशन चालू असताना कंपनी तुला १५ दिवसांच्या नोटिशीवर काढू शकते. तू सोडायचं म्हटलंस तर मात्र ९० दिवस. कन्फर्म झाल्यावर दोघांना ९०. म्हणजे तुझ्या बाजूचे ९० पहिल्या दिवसापासून लागू, आणि कंपनीच्या बाजूचे ९० कन्फर्मेशनच्या पत्रानंतर. ते पत्र जितकं लांबेल तितके दिवस तुझ्या नोकरीला १५ दिवसांचंच संरक्षण. प्रोबेशनमध्ये नोटीस कमी असायला माझी हरकत नाही, कारण तो काळ दोघांनी एकमेकांना पारखायचाच असतो. पण मग ती दोघांनाही सारखीच कमी हवी.

त्याच कलमात खाली आणखी दोन वाक्यं आहेत. पहिलं असं, की कंपनी नोटिशीऐवजी ‘बेसिक’ पगार देऊन तुला तत्काळ मोकळं करू शकते, आणि तू नोटीस पूर्ण केली नाहीस तर ‘ग्रॉस’ पगाराइतकी वसुली होईल. तुझं एकूण पॅकेज आपण १०० धरू. त्यात वर्षभराचा ठरलेला पगार ८० आणि व्हेरिएबल २०. तुझ्या तक्त्यात बेसिक हा ठरलेल्या पगाराच्या निम्मा, म्हणजे ४० आहे. तीन महिन्यांची नोटीस कंपनीने विकत घेतली तर तुला मिळणार १०. तीच तू विकत घ्यायची म्हटलीस तर ग्रॉसच्या, म्हणजे ८० च्या हिशेबाने, भरणार २०. दिवस दोघांचे सारखेच, पण किंमत दुप्पट. शिवाय पैसे भरून लवकर सुटायचा तुला हक्क आहे असंही नाही. ‘कंपनीची मान्यता असल्यास’ हे शब्द तिथे आहेतच.

दुसरं वाक्य जास्त साळसूद आहे: ‘राजीनामा दिल्यानंतर कंपनी कर्मचाऱ्याला नोटीस कालावधी संपण्यापूर्वी कार्यमुक्त करू शकेल.’ वाचताना सवलत वाटते. पण उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतील का, यावर पत्र गप्प आहे. तू ९० दिवसांचा हिशेब धरून राजीनामा द्यायचास, नव्या जागेची रुजू होण्याची तारीख त्याप्रमाणे ठरवायचीस, आणि इकडे त्यांनी चौथ्या दिवशी लॅपटॉप जमा करून घेतला तर मधले जवळजवळ तीन महिने बिनपगारी. तिथे ‘उर्वरित काळाचा पगार देऊन’ एवढे चारच शब्द घालून हवेत.

आता व्हेरिएबल. खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाच. पत्र म्हणतं की व्हेरिएबल २० ‘पर्यंत’ मिळेल. ते कंपनीच्या आणि तुझ्या कामगिरीवर अवलंबून राहील. कन्फर्म कर्मचाऱ्यालाच आणि कन्फर्मेशनच्या तारखेपासूनच लागू होईल. एप्रिल ते मार्च या वर्षाचं व्हेरिएबल पुढच्या जूनच्या पगारासोबत मिळेल. आणि देण्याच्या दिवशी कर्मचारी नोकरीत असला पाहिजे व त्याचा नोटीस पिरियड चालू नसला पाहिजे.

तू १ जुलैला रुजू होणार. सगळं वेळेवर झालं तर ३१ डिसेंबरला प्रोबेशन संपेल आणि १ जानेवारीपासून तू कन्फर्म. मार्चपर्यंत मोजायला उरले तीन महिने, म्हणजे २० चा चौथा हिस्सा, ५. त्यावर गुणक लागतात. समज, कंपनीची कामगिरी ८० टक्के धरली आणि तुझी ९० टक्के. या दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढत नाहीत, त्यांचा गुणाकार करतात. तो येतो ७२ टक्के, म्हणजे ५ चे झाले ३.६. पहिल्या बारा महिन्यांत तुझ्या हिशेबाला लागतील ८० अधिक ३.६, मिळून ८३.६, करापूर्वी. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं तर तेही नाही, नुसते ८०. तू आत्ताच्या पगाराशी तुलना १०० ची करते आहेस.

हेच व्हेरिएबल रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजलं तर नऊ महिन्यांचे १५, आणि त्याच ७२ टक्क्यांनी १०.८ होतात. एका तारखेमुळे इतका फरक! म्हणून पहिला प्रश्न तोच विचारायचा.

शेवटच्या अटीकडे माझं लक्ष उशिरा गेलं. नोटीस चालू असेल तर व्हेरिएबल नाही. म्हणजे उद्या कधी नोकरी सोडायची झाली तर जूनचा पगार खात्यात पडेपर्यंत राजीनामा देता येणार नाही. बरं, पैसे घेऊन १ जुलैला दिलास, तर ९० दिवस भरतात २८ सप्टेंबरला. तोवर नव्या वर्षाचे जवळजवळ सहा महिने तू काम केलेलं असणार, आणि त्याचं व्हेरिएबल, साधारण १०, जाणार. त्याआधी सोडलंस तर मागच्या पूर्ण वर्षाचं जातं. मी कॅलेंडर पुढे-मागे करून पाहिलं. काहीच न गमावता बाहेर पडता येईल अशी तारीखच या पत्रात नाही. नोटीस जितकी लांब, तितकं हे नुकसान मोठं. नोटीस आणि व्हेरिएबल एकत्र वाचायला सांगते ते यासाठीच.

कामगिरीवर पैसे कमी-जास्त होणार हे मला मान्य आहे, त्यासाठीच तर त्याला व्हेरिएबल म्हणतात. पण उद्दिष्टं कोण ठरवणार, कधीपर्यंत लेखी देणार, आणि उद्दिष्टंच दिली नाहीत तर किती टक्के धरणार, हे कळायला हवं. पत्र ‘कंपनीच्या धोरणानुसार, जे वेळोवेळी बदलू शकते’ असं म्हणून मोकळं झालंय. ते धोरण मागून घे. ‘रुजू झाल्यावर पोर्टलवर दिसेल’ असं उत्तर आलं, तर निदान त्यातला व्हेरिएबलचा भाग तरी सहीआधी पाठवा म्हणावं. सोबत आणखी एक विचार: मागच्या दोन-तीन वर्षांत कंपनीचा गुणक किती लागला? हे सांगायला कोणावर बंधन नसतं, पण बरेच जण सांगतात. टाळाटाळ झाली तर मी व्हेरिएबल शून्य धरून निर्णय घेईन.

आता विचारायचं कसं. फोनवर नको. फोनवर एचआरची मुलगी गोड आवाजात ‘ते आमचं स्टँडर्ड आहे, प्रत्यक्षात असं कधी होत नाही’ म्हणेल, आणि ती खोटं बोलत असेल असंही नाही. पण अंतिम हिशेब करणारा माणूस वेगळा असतो, आणि त्याच्यापुढे फक्त कागद असतो. एक छोटा मेल लिही. ऑफरबद्दल आभार मान आणि चार गोष्टी विचार. प्रोबेशन जास्तीत जास्त किती वाढेल, आणि मुदतीत काही कळवलं नाही तर कन्फर्म समजणार का? प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंची नोटीस सारखी करता येईल का, आणि देणं-वसुली एकाच पगारावर, बेसिक तर बेसिक, होईल का? लवकर कार्यमुक्त केलं तर उरलेल्या दिवसांचा पगार मिळेल का? व्हेरिएबल रुजू तारखेपासून मोजून, सोडताना काम केलेल्या महिन्यांपुरतं देणार का? स्वर विचारण्याचा ठेव, भांडणाचा नको. ‘एकतर्फी’ हा शब्द तर लिहूच नकोस.

उत्तर मेलवर आलं की काम झालं असं मात्र समजू नकोस. शेवटच्या पानावर, सहीच्या जागेच्या वर, एक ओळ आहे: हे पत्र म्हणजे उभय पक्षांतला संपूर्ण करार असून यापूर्वीचा सर्व तोंडी व लेखी व्यवहार रद्द समजावा. सहीआधीचा मेल हा ‘यापूर्वीचा लेखी व्यवहार’च झाला. तेव्हा जे कबूल करतील ते सुधारित पत्रात किंवा पत्राला जोडलेल्या पुरवणीत यायला हवं, आणि त्यावर तारीख व त्यांची सही हवी.

सगळं मिळणार नाही, हे धरून चाल. ९० दिवस कमी करणं अवघड जाईल, कारण तो नियम बहुधा सगळ्यांना सारखाच असतो. व्हेरिएबलची रुजू तारीख आणि प्रोबेशनची कमाल मर्यादा या दोन गोष्टींना मात्र ते तयार होऊ शकतात, त्यात त्यांचं फारसं काही जात नाही. तू या दोनांवर अडून राहा. बेसिक-ग्रॉसचं नाही जमलं तर चालवून घे. कन्फर्मेशनची कमाल मुदत लिहायलाही नकार मिळाला तर मला फोन कर, सही करू नकोस.

आणि आत्ताच्या नोकरीचा राजीनामा सुधारित पत्र हातात आल्याशिवाय पाठवायचा नाही. रुजू होण्याची तारीख मागे जाईल म्हणून घाई करतील, तर सांग की तिथलीही नोटीस मला पाळायची आहे, पत्र आलं की त्याच दिवशी देते. तुझ्या आत्ताच्या अपॉइंटमेंट लेटरचीही एक प्रत पाठव. तिथे व्हेरिएबल देण्याची तारीख कोणती आहे ते बघायचं राहिलंय.

तुझी,
आई