सात गाड्या, दोन गाड्या

सातारा,
१२ जून

प्रिय संजा,

तुझा बायोडाटा मिळाला. रागावू नकोस, पण तो वाचून तुझ्या खुर्चीचं काम कळतं, तू कळत नाहीस. ‘स्टॉक रजिस्टर सांभाळण्याची जबाबदारी’, ‘आवक-जावक नोंदी’, ‘लोडिंगवर देखरेख’. सांगली-तासगावकडच्या कुठल्याही बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधला कारकून हेच लिहील. तुझ्या आधी तिथे होता तोही हेच लिहून गेला असेल.

आणि तूच मला फोनवर काय सांगितलं होतंस? व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा, हमाल एका चेंबरमधून दुसऱ्यात लॉट शोधत फिरतायत आणि शेवटी भलतेच बॉक्स गाडीत चढतात. मग तू रजिस्टरात प्रत्येक लॉटपुढे चेंबर आणि रॅक नंबरचा रकाना आखलास. त्याचा बायोडाट्यात एक शब्द नाही!

तू म्हणालास, ‘पूर्वी गाडीला पावणेदोन तास लागायचे, आता सव्वा तासात सुटते, तेच लिहू का?’ मलाही आधी आवडलं. गेटच्या वहीत गाडी आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ असते, म्हणजे पुरावाही आहे. पण गड्या, त्याच हंगामात मालकांनी दोन हमाल वाढवले, हेही तूच बोलून गेलास. मग वाचलेल्या अर्ध्या तासात तुझ्या रकान्याचे किती आणि हमालांचे किती? ते वेगळं काढता येणार नाही, म्हणून तो आकडा सोड.

त्याऐवजी चुकीचा लॉट जाऊन परत आलेल्या गाड्या बघ. हमाल कितीही वाढवले तरी चुकीचा लॉट बरोबर होत नाही. तिथे फरक पडला असेल तर तो बराचसा नोंदीमुळे. परतीच्या चलनांवरून तू आधीच्या हंगामात ७ आणि नंतरच्या हंगामात २ गाड्या मोजल्यास. हे चांगलं आहे, फक्त दोन गोष्टी तपास. एक, दोन्ही वेळा मार्च ते जून हेच महिने धर. माल भरलेला असतानाचा मे आणि दिवाळीच्या सुमाराचं निम्मं रिकामं स्टोरेज यांची तुलना केलीस, तर चुका आपोआपच कमी दिसतील. दुसरं, एकूण किती गाड्या गेल्या ते मोज. गाड्याच निम्म्या झाल्या असतील, तर ७ चे २ होण्यात तुझं कर्तृत्व फार नाही. गाड्या साधारण तेवढ्याच भरल्या, तरच पुढची ओळ लिही:

‘मुकादमांसोबत प्रत्येक लॉटची चेंबर-रॅकनिहाय नोंद सुरू केली, चुकीचा लॉट जाऊन परत आलेल्या गाड्या एका हंगामात ७ वरून २ वर आल्या.’

‘मुकादमांसोबत’ खोडू नकोस. रॅकवर खडूने नंबर टाकायची कल्पना त्यांची होती, ती वहीत आणून रोज चालवलीस ती तू.

क्रियापदाला जप. मालकांच्या पुतण्याने सॉफ्टवेअर बसवलं, तू जुन्या रजिस्टरांतला माल त्यात चढवलास. तिथे ‘संगणकीकरण केलं’ लिहायला हात शिवशिवेल. ‘दोन हंगामांच्या नोंदी संगणकात भरून रजिस्टराशी ताळा केला’ एवढंच लिही. ताळा केला असशील तरच, बरं का. लोडिंगच्या ओळीत मला काही बदल झालेला दिसत नाही. तिथे ओढूनताणून यश शोधू नकोस; दिवसाला साधारण किती गाड्या बघतोस ते लिहिलं की पुरे. व्यापाऱ्यांची नावं आणि भाव मात्र कुठेच नकोत, ती मालकांची गोष्ट आहे.

मी एवढा चिकटपणा करतोय, कारण माझी एकदा फजिती झाली होती. पुण्यात एका मुलाखतीला जाताना मी ठोकून दिलं होतं, ‘स्टोअरचा खर्च ३० टक्क्यांनी कमी केला.’ समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘कशाच्या तीस टक्के?’ मला आधीचा खर्चच माहीत नव्हता. त्यानंतर त्यांनी खऱ्या कामाबद्दलही विचारलं, पण त्यांचा चेहरा बदलला होता. तेव्हापासून मी प्रत्येक ओळीला आधी स्वतःच विचारतो: आधी किती होतं, कुठे मोजलं, आणि मी नसतो तर काय राहिलं असतं?

इंग्रजीत नंतर उतरवू. आधी मराठीत खरं काय ते ठरू दे. नाहीतर ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ची जागा ‘लेड’ घेईल आणि तू कुणाचा पुढारी होतास ते तुलाच सांगता येणार नाही.

चलनबुकं चाळलीस की आकडे कळव. रविवारी मी घरीच आहे, दुपारी फोन कर. काकूंना नमस्कार सांग. आणि मागच्या वेळचा बेदाणा पोरांनी आठवड्यात संपवला, तेव्हा येताना रिकाम्या हाताने येऊ नकोस.

तुझा,
अविनाश