जाहिरात वाढवण्याआधी

प्रिय संजू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दहावीच्या नव्या बॅचला दोन महिन्यांत ३१ मुलं डेमोला बसली आणि प्रवेश झाले फक्त २. म्हणून पुढच्या महिन्यात जाहिरातीचा खर्च दुप्पट करायचा, असं तू ठरवतो आहेस. एवढ्यात तसं करू नकोस. का, ते सविस्तर लिहितो.

तूच लिहिलंयस की चार डेमोंमागे एक प्रवेश झाला तरच बॅच परवडते. त्या हिशेबाने ३१ डेमोंत सात-आठ प्रवेश व्हायला हवे होते. बॅच खरोखर तेवढ्या योग्यतेची असती, तर नुसत्या नशिबाने २ किंवा त्याहून कमी प्रवेश होण्याची शक्यता शंभरात एकही नाही. म्हणजे बॅचमध्येच खोट आहे, असं मीही म्हटलं असतं. पण तुझ्या वहीच्या फोटोतल्या तारखा पाहिल्या, तर ३१ पैकी ११ मुलं गेल्या दहा दिवसांतली आहेत. पालक डेमोच्या दिवशीच फी भरत नाहीत. ते घरी बोलतात, आणखी दोन क्लास बघतात, पगाराची वाट बघतात. या ११ जणांनी अजून नाही म्हटलेलंच नाही आणि तू त्यांना नकारात धरलंस. त्यांना बाजूला ठेवलं तर उरतात २० डेमो आणि २ प्रवेश. चांगल्या बॅचवरही अशी वेळ शंभरात नऊ वेळा येऊ शकते. संशयाला जागा आहे, पण निकाल लागलेला नाही.

म्हणून आधी वहीत एक बदल कर. या महिन्यातले प्रवेश भागिले या महिन्यातले डेमो, असं मोजू नकोस. ज्या आठवड्यात मूल डेमोला बसलं, त्या आठवड्याच्या नावावर त्याचा प्रवेश टाक, आणि तीन आठवडे उलटल्याशिवाय त्या ओळीचा निकाल लावू नकोस.

आणि आकडा आजच ठरव. तीन आठवड्यांनी या ३१ जणांत एकूण प्रवेश ३ किंवा कमी असतील तर बॅच बदलायची. ४ किंवा ५ असतील तर आणखी डेमो होऊ द्यायचे. हे आत्ता कागदावर लिहून ठेव. आकडा हातात आल्यावर आपण कारणं शोधू लागतो, परीक्षा होत्या, पाऊस होता. मी हेच केलं होतं.

माझी तीन वर्षांपूर्वीची गणित-विज्ञानाची बॅच तुला आठवत असेल. मी जाहिरात दुप्पट केली, डेमो जवळजवळ दुप्पट झाले, प्रवेश होते तेवढेच राहिले. तेव्हा डोळे उघडायला हवे होते. जाहिरातीचं काम माणसाला दारापर्यंत आणायचं. दारात आलेला, बाक बघितलेला, तासभर बसलेला माणूस परत जात असेल, तर आणखी माणसं आणून काय होणार? विचारणाच कमी असत्या आणि आलेल्यांपैकी बरेच जण थांबत असते, तर गोष्ट उलटी होती. तेव्हा खुशाल खर्च वाढवावा.

शेवटी मी न आलेल्या पालकांना एकेक करून फोन केले. ‘का नाही आलात?’ विचारलं की सगळे म्हणायचे, फी जास्त वाटली. मी जवळजवळ फी कमी करणार होतो. मग प्रश्न बदलला: ‘मग मुलाला कुठे घातलंत?’ तेव्हा कळलं की निम्म्याहून अधिक जण माझ्यापेक्षा महाग क्लासला गेले होते. तिथे आठवड्यातून तीनच दिवस वर्ग होता आणि रविवारी लेखी चाचणी. माझे सहा दिवस त्यांच्या मुलांच्या शाळेच्या वेळेत बसत नव्हते, आणि पालकांना हातात तपासलेला पेपर हवा होता. फी हे बोलायला सोपं कारण होतं, एवढंच.

तूही नकार दिलेल्या १८ जणांना फोन कर, आणि ओळखीतून आलेल्यांची वेगळी यादी कर. तुझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून आलेले ९ जण डेमोला बसले आणि एकच थांबला, असं तू लिहिलंस. नऊच असल्याने यावरून आज काही ठरत नाही. पण लक्ष त्यांच्याकडे ठेव. त्यांचा तुझ्यावर आधीपासून विश्वास आहे. तेही परत जात राहिले, तर जाहिरातीचे शब्द बदलून काही होणार नाही. ते थांबले आणि फक्त जाहिरातीतून आलेलेच गेले, तर जाहिरात चुकीच्या लोकांपर्यंत पोचते आहे किंवा बॅचमध्ये नसलेलं काही सांगते आहे.

बदल करायचाच झाला तर आधी पूर्ण वेळापत्रक छापू नकोस. नकार दिलेल्यांनाच नवी बॅच सांग आणि नावनोंदणीची छोटी रक्कम माग. ‘छान आहे, कळवतो’ याला काही किंमत नाही, हे मी चांगलंच शिकलोय. मला सात जणांनी रक्कम दिली, तेव्हा मी बॅच सुरू केली.

तोवर जाहिरात आहे तेवढीच चालू दे. बंद केलीस तर तुलना करायला काही उरणार नाही. १८ जणांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठव, तू लावलेल्या अर्थासह नको.

तुझा,
विवेक