घाणा, बैल आणि तुझी कथा

ठाणे

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी कथा पोहोचली आणि मी ती दोनदा वाचली. शेतकऱ्याची मुलगी वडिलांबरोबर तिळाचे पोते घेऊन तेल्याकडे जाते आणि दुपारभर घाण्याचा बैल पाहत बसते, एवढाच प्रसंग तू निवडलास, हे मला आवडले. तुझ्या आईला मुलीचे गप्प राहणे आवडले. मला मात्र घाण्याविषयीच लिहायचे आहे, कारण आमच्या मुरबाडकडच्या गावी आजोबांचे तीळ तेल्याकडे जात आणि पोत्याबरोबर मीही जात असे.

तुझ्या कथेत उखळ गरगर फिरते आणि लाट, म्हणजे त्यातले तीळ चिरडणारे जाड लाकूड, जागेवर उभी राहते. तू नौपाड्यातल्या लाकडी घाण्याच्या दुकानात पाहिलेस ते तसेच असते, कारण तिथे विजेची मोटर उखळ फिरवते. बैलाच्या घाण्यात नेमके उलटे घडते. उखळ जमिनीत खोल पुरलेले असल्यामुळे ते तसूभरही हलत नाही. त्यात तिरकी उभी असलेली लाट बैलामागून फिरते. लाटेचे वरचे टोक एका आडव्या, लांब तुळईशी जोडलेले असते. या तुळईचे आतले टोक उखळाच्या अंगाला घासत फिरते, तर बाहेरच्या टोकाकडे बैल जुंपलेला असतो आणि त्याच बाजूला तिच्यावर दगड रचलेले असतात.

या दगडांचा तुझ्या कथेत उल्लेखच नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. बैलाच्या ओढीने लाट फिरते. परंतु तीळ चिरडण्यासाठी लागणारा दाब मुख्यतः या वजनाने येतो. वजनामुळे तुळई खाली झुकते, लाटेचा माथा बाहेर ओढला जातो आणि तिचा बुंधा उखळाच्या भिंतीवर दाबला जातो. वजन जितके टोकाकडे सरकवावे, तितका दाब वाढतो. म्हणूनच तेली पुष्कळदा स्वतःच तुळईवर बसे, नाहीतर एखाद्या पोराला बसवी. टोकाशी बसलेले वीस किलोचे पोर उखळाजवळ ठेवलेल्या मोठ्या धोंड्याइतके काम करू शकते. तुझी मुलगी ओट्यावरून पाहते, त्याऐवजी तेल्याने तिला तुळईवर बसवले तर? तिथून बैलाची पाठ सदैव समोर तशीच दिसते, आणि तेल्याचे घर, बाभूळ, ओट्यावर बसलेले वडील हे सारे मात्र पाळीपाळीने येऊन जातात. झापडांमुळे बैलाला यातले काहीच दिसत नाही, हे तिला तिथे बसल्यावर आपोआप कळेल. तुला ते सांगत बसावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. तुझ्याकडे बैल दोन फेरे घेतो न घेतो तोच तेलाची धार लागते. प्रत्यक्षात दहा किलो तिळांच्या एका घाण्याला तास-सव्वा तास सहज लागतो. तुळई दहा फूट लांब धरली, तर एका फेऱ्यात बैल साठेक फूट चालतो, आणि त्याच्या संथ चालीने मिनिटाला दोन-तीनच फेरे होतात; म्हणजे एका घाण्यासाठी तो त्याच रिंगणात तीनेक किलोमीटर चालतो. सुरुवातीला दाणे करकरतात, मग त्यांचा भुगा होतो. त्यावर तेली ओंजळीने थोडे पाणी शिंपडतो. ते कमी पडले तर भुगा कोरडाच फिरत राहतो; जास्त झाले तर सगळा चिकट लगदा होतो आणि तेल त्यातच अडकते. प्रमाण जमले की भुगा उखळाच्या भिंतीला थापला जातो, त्याच्यावर चकाकी येते आणि मगच तेल साचू लागते. एव्हाना करकर थांबून केवळ लाकडाचे कुरकुरणे उरलेले असते. आमचा तेली आत न डोकावता, पाठमोरा बसून हा बदल ओळखत असे. तुझ्या मुलीला गप्पच ठेवायचे असेल, तर तिला हे ऐकू दे.

शेवटी पहारीने पेंड खरवडून काढतात. दहा किलो तिळांचे साधारण चार किलो तेल मिळते आणि बाकीची पेंड उरते. पेंडीचा गरम तुकडा मुठीत दाबल्यावर तळहात तेलकट झाला, तर वजन कमी पडले असे समजावे. आजोबा ही परीक्षा दर वेळी घेत आणि तेल्याला ती मुळीच खपत नसे. तुझ्या कथेत वडील रोख पैसे देऊन निघतात. आमच्याकडे मजुरी म्हणून काही पेंड तेल्याकडेच राहत असे आणि ती त्याच बैलाच्या गव्हाणीत जाई. किती पेंड ठेवायची, यावर दोघांची थोडी हुज्जत होऊ दे. कथेतले वडील फारच शहाण्यासारखे वागतात.

दुरुस्त केलेली प्रत दिवाळीआधी पाठव. आईने डिंकाचे लाडू केले आहेत, ते दादा रविवारी घेऊन येईल.

तुझे,
बाबा