अण्णा, स्टारवाली यादी बघून पैसे टाकू नका

म्युनिक

अण्णा, नमस्कार.

आई फोनवर म्हणत होती की पीएफचे पैसे आले तशा एजंटच्या घरी चकरा चालू झाल्यात अन् त्यानं पाच स्टारवाल्या फंडांची यादी दिलीय, तीन वर्षात एवढे एवढे टक्के म्हणून. यादी खोटी नसंल. पण आकडा कोणत्या तारखेपासून मोजलाय ते आधी बघा.

साधी निफ्टीच घ्या. 2020 च्या मार्चअखेर कोरोनात ती 8600 वर पडलेली. 2023 च्या मार्चअखेर 17360 च्या आसपास, म्हणजे तीन वर्षात दुप्पट, वर्षाला साधारण 26 टक्के. आता फक्त एक वर्ष पुढं या. त्या वर्षात निफ्टी अजून 28 टक्के वाढून 22300 च्या वर गेली, तरी तीन वर्षाचा आकडा 26 वरून 15 वर आला! कारण मोजणी आता 2021 च्या 14700 पासून चालू झाली, पडझडीचा तळ मागं राहिला. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या सालापासून मोजलं तर पुढचा कोणताही पावसाळा भारीच दिसणार ना, तसंच हे.

तुम्ही म्हणाल स्टार तर फंडांची आपसात तुलना करून देतेत. खरंय, जोखीम पण धरतेत. पण जो फंड पडताना जास्त आपटतो तोच बऱ्याचदा वर येताना जास्त उसळतो, अन् मोजणी तळापासून असली की आपटलेलं हिशोबातच येत नाही, नुसती उसळी दिसते.

दुसरं म्हणजे यादीत जे नाहीत ते. सेबीनं ऑक्टोबर 2017 मध्ये नियम केला की एका कंपनीची एका प्रकारात एकच स्कीम (इंडेक्स फंड वगैरे सोडून), मग 2018 मध्ये कितीतरी स्कीम एकमेकीत मिसळल्या. नियम नसला तरी कंपन्या अधूनमधून हे करतेतच, अन् मिसळताना बहुतेक रडकी स्कीमच गायब होते, तिचं नाव अन् तिचा इतिहास पण. समजा दहा फंड होते, तीन असे गेले, ते वर्षाला 4 टक्के देत होते अन् उरलेले सात सरासरी 14. आजची यादी 14 च दाखवती. दहाही धरले तर 11. अन् तुम्ही दहा वर्षांपूर्वी पैसे टाकले असते तर त्या दहातूनच निवडावं लागलं असतं, कोणते सात टिकणार हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

एजंटला दोनच गोष्टी मागा. प्रत्येक फंडाचा साल-दरसाल परतावा, 2018 अन् 2020 धरून, बाजूला त्याच्या इंडेक्सचा आकडा, डिव्हिडंड धरलेला. अन् पाच वर्षांपूर्वी तो जी टॉपची यादी वाटायचा ती. दुसरी यादी तो देणार नाही बहुतेक. पहिली मिळाली की फोटो काढून मला टाका, रविवारी फोनवर बसून बघू. तोवर चेक देऊ नका.

तुमचा,
बाळू